उकडीच्या मोदकांचा नैवेद्य व्हिडिओ करताय? स्क्रिप्ट आणि कॅप्शन असं लिहा

गणपती जवळ आले की आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, मोदकाचा व्हिडिओ टाकायचाय, काय बोलू, कॅप्शनमध्ये काय लिहू. दरवर्षी मी तुकड्या-तुकड्यात व्हॉइस नोट पाठवते, यावेळी म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून काढू. हे पहिल्यांदाच व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आहे, साधारण दीड मिनिटाचा उभा व्हिडिओ, फोनवर काढलेला, घरच्या स्वयंपाकघरात. पदार्थ एकच, उकडीचे मोदक, आणि ते नैवेद्याचे. हे "नैवेद्याचे" महत्त्वाचं आहे, त्यामुळे स्क्रिप्ट लिहायची पद्धतच बदलते.

कशी ते सांगते. इतर रेसिपीच्या व्हिडिओत आपण बिनधास्त म्हणतो, "चव बघा, गोड कमी वाटलं तर गूळ वाढवा". नैवेद्याचं कोणी चाखून बघत नाही, देवाला दाखवल्याशिवाय सारणाचं बोट जिभेला लावत नाहीत. म्हणजे बघणाऱ्याकडे चवीचा आधारच नाही, त्याला मापावर आणि डोळ्याला दिसणाऱ्या खुणांवर चालायचंय. तुमच्या स्क्रिप्टमध्ये "अंदाजे", "आवडीनुसार", "लागेल तसं" असे शब्द आले की समजा तिथे बघणारी अडकणार. स्क्रिप्टचा कच्चा कागद झाला की मी आधी हे तीन शब्द शोधते आणि प्रत्येकाच्या जागी एकतर माप लिहिते नाहीतर खूण.

माप, आणि ते दिसलं पाहिजे

माझ्या पहिल्या व्हिडिओत मी म्हटलं होतं, "जेवढी पिठी तेवढंच पाणी", आणि ते बरोबरच आहे. पण शूटिंगच्या आधी मी पाणी मोजून फुलपात्रात काढून ठेवलं होतं, त्यामुळे व्हिडिओत पिठी वाटीने घेताना दिसली आणि पाणी फुलपात्रातून ओतताना. माझ्या एका मावसवहिनीने अगदी तसंच केलं, दोन वाट्या पिठी, दोन फुलपात्रं पाणी. चतुर्थीच्या दिवशी सकाळी साडेनऊला तिचा फोन, उकड खिरीसारखी झालीय, भटजी अकराला येणार, आता काय करू. तिला दुसऱ्या पातेल्यात कोरडी पिठी मंद भाजून ती थोडी थोडी मिसळायला सांगितलं, मोदक कसेबसे वळले गेले, पण कळ्या काही पडल्या नाहीत. तिची चूक काहीच नव्हती, मी बोलले एक आणि दाखवलं दुसरं. लोक दाखवलेलं लक्षात ठेवतात, बोललेलं नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. एक वाटी घ्यायची, सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर धरायची, आणि नारळ, गूळ, पाणी, पिठी सगळं त्याच वाटीने ओतताना दाखवायचं. आधी मोजून ठेवलेलं भांडं फ्रेममध्ये येऊच द्यायचं नाही. वाटी केवढी हे कॅप्शनमध्ये मिलीत लिहायचं, कारण प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते, आमच्याकडे आमटीची वाटी १५० मिलीची आहे आणि खिरीची त्याहून मोठी. मी मेजरिंग कपमधला सगळ्यात मोठा, २४० मिलीचा कप घेते.

२१ मध्यम मोदकांसाठी माझं माप असं आहे: दोन वाट्या तांदळाची पिठी, दोन वाट्या पाणी, अडीच वाट्या खोवलेला ओला नारळ, सव्वा वाटी चिरलेला गूळ. नारळाच्या निम्मा गूळ, हे एक लक्षात राहिलं तरी गोडाचा प्रश्न मिटतो आणि चाखायची गरज उरत नाही. साखर घालायची असेल तर तेवढा गूळ कमी करा आणि ते कॅप्शनमध्ये लिहा. गुळाबद्दल एक वाक्य व्हिडिओत नाही तरी कॅप्शनमध्ये टाकाच, की चिक्कीचा गूळ घेऊ नका, साधा गूळ घ्या. चिक्कीच्या गुळाने सारण थंड झाल्यावर कडक होतं आणि मोदक फोडताना आत दगड लागल्यासारखं वाटतं, बिचाऱ्या नवख्या मुलीला कळतच नाही की आपलं चुकलं काय.

पिठीचं पण तसंच. विकतची मोदकाची पिठी कधीकधी जुनी, कोरडी असते, तिला दोन वाट्यांमागे दोन ते चार चमचे पाणी जास्त लागतं. हे "लागेल तसं" या प्रकारातलं आहे ना, मग याला खूण द्यायची: मळलेल्या उकडीची छोटी गोळी करून दोन तळव्यांमध्ये दाबा, कडेला चिरा पडल्या तर एक चमचा गरम पाणी घालून परत मळा, कड गुळगुळीत राहिली तर झालं. ही गोळी दाबायची तीन सेकंदं अगदी जवळून काढा. अख्ख्या व्हिडिओत सगळ्यात उपयोगाचा शॉट हाच आहे, आणि बऱ्याच व्हिडिओत तो नसतोच, पातेल्यात पिठी पडते आणि पुढच्या सेकंदाला पांढराशुभ्र मऊ गोळा ताटात.

खुणा चार, चारही जवळून

सारण झालं कधी, उकड झाली कधी, मळून झाली कधी, वाफवून झाले कधी. मोदक बिघडतो तो या चारपैकी एका ठिकाणीच, म्हणून स्क्रिप्टमध्ये या चार ठिकाणी मिनिटं आणि खूण दोन्ही बोलायची. नुसती मिनिटं दिली तर उपयोग नाही, कारण गॅसची आच, कढईचा तळ, नारळाचा ओलेपणा सगळीकडे वेगळा.

सारणाची खूण: उलथनं कढईच्या मधून ओढा, तळ दिसला पाहिजे आणि त्या वाटेत रस परत वाहत यायला नको. गूळ विरघळल्यावर आधी सगळं पातळ होतं, नवीन माणूस तिथे घाबरतो, "हे तर सरबत झालं", म्हणून ते पातळ झालेलं पण दाखवा आणि सांगा की हे असंच होतं, हलवत राहा. मग ते सुटं, पण चकचकीत होतं, तिथेच गॅस बंद. ओलं राहिलं तर वाफवताना मोदक खालून फुटतो आणि गुळाचा रस पातेल्यात, जास्त आटलं तर वडीसारखं कोरडं. परदेशात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी फ्रोझन खोवलेला नारळ वापरतात, त्यात पाणी जास्त असतं, त्यांना चार-पाच मिनिटं जास्त लागतात, पण खूण तीच.

उकडीची खूण म्हणजे पाण्याला खळखळून उकळी. बुडबुडे नुसते कडेला दिसतायत तेव्हा पिठी टाकली तर ती कच्ची राहते, मळताना रवाळ लागते आणि पारी फाटते. पिठी घालून ढवळलं की झाकण ठेवून बारीक गॅसवर दोन मिनिटं वाफ, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच झाकून ठेवायचं. हे पाच मिनिटांचं झाकण लोक व्हिडिओतून कापून टाकतात कारण त्यात बघायला काही नाही. कापा, पण बोला तरी, आणि स्क्रीनवर "५ मिनिटं झाकून" असं मोठ्या अक्षरात येऊ द्या.

मळण्याची खूण वर सांगितली. वाफवण्याची खूण बोटाची: गॅस बंद करून, झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडायचं, वाफ जाऊ द्यायची, ओलं बोट मोदकाला हलकेच लावायचं, चिकटलं नाही आणि वर चमक आली की झाला. झाकण लांबच्या बाजूने उघडणं स्क्रिप्टमध्ये लिहूनच ठेवा, कारण कॅमेऱ्याकडे बघत झाकण उचललं की सगळी वाफ मनगटावर येते, मला आली आहे. आणि कॅमेरा वरून धरला तर लेन्सवर वाफ बसून सगळं धुरकट दिसतं, तो शॉट बाजूने काढा.

फोन आणि पीठ, एकाच हाताने नाही

आता स्वच्छतेचं. बरेच जण शेवटी एक वाक्य टाकतात, "स्वच्छतेची काळजी घ्या", आणि विषय संपला. त्याने बघणाऱ्याला काहीच कळत नाही, नेमकं काय करू. स्वच्छतेची सूचना जिथे ती चूक होते तिथेच बोलायची. हात धुणं सारण करायच्या आधी, नारळाचा वास घेणं नारळ फोडल्यावर लगेच, पान धुणं पान ठेवताना.

आणि व्हिडिओ करणाऱ्याची म्हणून एक वेगळीच चूक असते जी नुसते मोदक करणाऱ्याची नसते, ती म्हणजे फोन. आपण एकटे शूट करतो, मळता मळता रेकॉर्डिंग थांबवतो, परत सुरू करतो, फोकस नीट करायला स्क्रीनवर टॅप करतो, आणि तेच बोट परत उकडीत. फोन दिवसभर कुठे कुठे असतो, रिक्षाच्या सीटवर, ऑफिसच्या टेबलवर, काहींचा तर बाथरूममध्येही, तो आपण साबणाने धुत नाही. सारण शिजतं, मोदक वाफवला जातो, पण दूर्वा ठेवताना, ताटात मांडताना, तूप वाढताना हाताचं जे काही असेल ते थेट प्रसादात जातं, त्यानंतर काही शिजणार नसतं.

उपाय सोपा आहे. फोन ट्रायपॉडवर, नसेल तर डाळीच्या दोन डब्यांच्या मध्ये उभा करा, सुरुवातीलाच पुसून घ्या, एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे कोणाचा कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही, आणि एक पायरी पूर्ण होईपर्यंत रेकॉर्डिंग चालूच ठेवा, नंतर कापा. मेमरी भरली तर भरली. पायऱ्या तोडायच्याच असतील तर त्या हात धुण्याच्या ठिकाणी तोडा: सारण झालं, हात धुतले, फोन बघितला, परत हात धुतले, उकड सुरू. घरात कोणी असेल तर फोन त्याच्याकडे द्या आणि पिठाला हात लावायचं काम त्याचं नाही हे आधीच सांगा. माझी लेक शूट करते, ती मध्येच कळ्या पाडायला येते, मग तिचा फोन बंद, हात धुणं, आणि पुढचं शूट तिचा बाबा करतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, नखं कापा, केस बांधा. व्हिडिओ आहे म्हणून नेलपेंट आणि भरगच्च बांगड्यांचा मोह होतो, पण मळताना त्यांच्या खाली उकड जाऊन बसते, नटायचं असेल तर नैवेद्य दाखवतानाच्या शॉटसाठी नटा. हात पदराला, ओढणीला पुसायचे नाहीत, वेगळा धुतलेला नॅपकिन ठेवा. उकड झाकायचं फडकं पण धुतलेलं आणि ओलं, भांडी पुसायचं नको. बोटाला कापलं असेल, किंवा घरात करणाऱ्याला उलट्या-जुलाब असतील तर त्या दिवशी मोदक दुसऱ्याने वळायचे, सणाचा दिवस असला तरी. नारळ फोडल्यावर वास घ्या, खवट किंवा आंबूस आला की तो नारळ बाजूला. सारणाला एकच नारळ धरून बसू नका, एक जास्तीचा आणून ठेवा. गुळात कधी खडे, काड्या निघतात, चिरताना ताटात पसरून बघा, शंका आली तर थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, मग आटवायला जास्त वेळ लागेल तो धरून चाला. हळदीची पानं आणि दूर्वा दोन्ही मातीतून येतात, वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धुवा. दूर्वांचं लोक विसरतात, पुडीतून काढून थेट मोदकावर.

उरलेल्या मोदकांचं मात्र मी जरा सविस्तर बोलते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू असू शकतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि शिजलेला पदार्थ तासन्तास बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष परत गरम करून पण जात नाही. म्हणजे सकाळी अकराला दाखवलेला नैवेद्य मूर्तीसमोर संध्याकाळपर्यंत तसाच, आणि रात्री मायक्रोवेव्ह करून पाहुण्यांना, हे टाळायचं. शिजवलेलं खाणं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये हा नियम मोदकालाही लागू, वर भाद्रपदातली दमट हवा आणि ओला नारळ. देवासमोर थोडे ठेवा, झाकून, आणि आरती झाली की वाटून टाका. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर सारण करून फ्रीजमध्ये ठेवा, हवाबंद डब्यात दोन दिवस छान राहतं, आणि उकड ताजी काढून संध्याकाळी गरम मोदक करा. वळलेले उरले तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं परत वाफवून खा, फ्रीजमध्ये ते कडक होतात पण वाफवल्यावर मऊ पडतात.

स्क्रिप्ट

मी निवांत बोलले की मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे ९० सेकंदांना जास्तीत जास्त १७०-१७५ शब्द, त्याहून जास्त लिहिलं की वाचताना धाप लागते आणि मापं गिळली जातात. आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करते, मिक्सर आणि चिमणीच्या आवाजात मापं ऐकू येत नाहीत. माझी या वर्षीची स्क्रिप्ट जशीच्या तशी देते, कंसात काय दिसायला हवं ते आहे.

० ते ७ सेकंद (वाफाळता मोदक जवळून, मग हातात वाटी)
"नैवेद्याचे २१ उकडीचे मोदक. चव बघायची नाही, म्हणून सगळं या एकाच वाटीने मोजायचं."

७ ते १५ (नळाखाली हात, साबणाचा फेस)
"अंगठ्या, बांगड्या काढल्या, केस बांधले, साबणाने वीस सेकंद हात धुतले. आता फोनला हात नाही."

१५ ते ३६ (नारळ, गूळ वाटीने ओतताना, कढई, उलथन्याची वाट)
"अडीच वाट्या ओला नारळ, फोडल्यावर आधी वास घ्या, खवट असेल तर बाजूला. सव्वा वाटी गूळ. मध्यम आचेवर हलवत राहा, आधी पातळ होईल, घाबरू नका. उलथनं ओढल्यावर तळ दिसला, रस परत आला नाही, की गॅस बंद. वेलची, जायफळ."

३६ ते ६२ (उकळी, पिठी, झाकण, मळणं, गोळी दाबताना)
"त्याच वाटीने दोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. खळखळ उकळी आली की गॅस बारीक, दोन वाट्या पिठी, ढवळा, झाकून दोन मिनिटं वाफ. गॅस बंद, पाच मिनिटं झाकलेलंच. गरम असताना पाण्याचा, तुपाचा हात लावून मळा. गोळी दाबून बघा, कडेला चिरा नाहीत म्हणजे उकड झाली."

६२ ते ७३ (पारी, कळ्या, फडक्याखालची उकड)
"पारी मध्ये जराशी जाड, कडेला पातळ. सारण भरा, चिमटीने कळ्या, तोंड बंद. बाकीची उकड ओल्या स्वच्छ फडक्याखाली."

७३ ते ८३ (मोदक पाण्यात बुडवून पानावर, बाजूने वाफ)
"मोदक पाण्यात बुडवून धुतलेल्या हळदीच्या पानावर. खालच्या पाण्याला उकळी हवीच. दहा ते बारा मिनिटं. ओलं बोट चिकटलं नाही, झाले."

८३ ते ९० (ताट, दूर्वा, पाणी फिरवताना हात)
"दूर्वा धुऊन ठेवा, नैवेद्य दाखवा. दोन तासांत वाटून संपवा, उरले तर फ्रीजमध्ये."

बघा, यात इतिहास नाही, मोदक बाप्पाला का आवडतो ते नाही, "नमस्कार मंडळी" पण नाही. ते नको असं नाही, हवं तर शेवटच्या शॉटवर आरतीचा आवाज येऊ द्या, पण पहिल्या सात सेकंदांत पदार्थ आणि किती मोदक होणार हे कळायला हवं. दूर्वांच्या जागी तुमच्या घरात नैवेद्यावर दुसरं काही ठेवत असतील तर तसं बदला, पद्धत घरची राहू द्या, माप बदलू नका.

स्क्रीनवरची अक्षरं फ्रेमच्या मधल्या भागात ठेवा. खाली टाकली की ती कॅप्शन आणि लाइक-शेअरच्या बटणांखाली झाकली जातात, आणि नेमकी मापंच झाकली जातात. अक्षरात फक्त आकडे आणि खुणा येऊ द्या, बोललेलं सगळं छापलं तर मोदकच दिसत नाही.

कॅप्शन

व्हिडिओ बघून लोक खरेदीला जातात आणि दुकानात उभं राहून कॅप्शन उघडतात. त्यामुळे कॅप्शन म्हणजे किराण्याची यादी आणि स्वयंपाकघरातली चिठ्ठी, दोन्ही. इन्स्टाग्रामवर २,२०० कॅरेक्टरची मर्यादा आहे, आणि "आणखी" वर टॅप करायच्या आधी सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून पहिल्या ओळीत पदार्थ, संख्या आणि प्रमाण. माझं असं आहे:

> उकडीचे मोदक, २१ नग. पिठी आणि पाणी सारखं, नारळाच्या निम्मा गूळ. वाटी २४० मिलीची, सगळं एकाच वाटीने.
>
> सारण: ओला नारळ अडीच वाट्या, साधा गूळ सव्वा वाटी (चिक्कीचा नको), खसखस १ चमचा भाजून, वेलची पूड अर्धा चमचा, जायफळ चिमूटभर.
> उकड: तांदळाची पिठी २ वाट्या, पाणी २ वाट्या, मीठ चिमूटभर, तूप १ चमचा. पिठी जुनी असेल तर पाणी २ ते ४ चमचे जास्त.
> वाफवायला: हळदीची पानं. नसतील तर केळीचं पान किंवा ओलं सुती फडकं.
>
> खुणा: सारणात उलथनं ओढल्यावर रस परत येत नाही. पिठी टाकताना पाणी खळखळ उकळतंय. गोळी दाबल्यावर कड फुटत नाही. वाफवल्यावर ओलं बोट चिकटत नाही.
>
> फुटले तर: सारण ओलं होतं किंवा पारी फार पातळ झाली. चिरा पडल्या तर: उकड कमी मळली किंवा उघडी राहून सुकली.
>
> स्वच्छता: पीठ हाताळताना फोनला हात नको, लावला तर परत साबणाने हात धुवा. पानं आणि दूर्वा वाहत्या पाण्यात धुवा. खवट वासाचा नारळ वापरू नका. तब्येत बरी नसेल तर दुसऱ्याला वळू द्या. झालेले मोदक दोन तासांत संपवा, उरले तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी परत वाफवा.
>
> यात नारळ आणि खसखस आहे, प्रसाद देताना ज्यांना चालत नाही त्यांना सांगा. काजू-बेदाणे घातले तर तेही सांगा.
>
> #उकडीचेमोदक #नैवेद्य #गणेशोत्सव

खसखशीचं एवढं का लिहिलं, तर आखाती देशात राहणारे आपले बरेच लोक हे व्हिडिओ बघतात आणि तिथल्या काही देशांत खसखस नेता येत नाही, ते विचारतातच, तर उत्तर एवढंच की ती वगळा, बाकी मापात काही फरक पडत नाही.

हेच मोदक तुम्ही विकणार असाल आणि कॅप्शनखाली "ऑर्डरसाठी मेसेज करा" लिहिणार असाल तर मात्र ते घरचा नैवेद्य राहत नाही, खाद्यपदार्थांचा धंदा होतो. मग एफएसएसएआयची नोंदणी आधी करा, नंबर कॅप्शनमध्ये द्या, आणि मोदक किती वाजता केले ते डब्यावर लिहा. सोसायटीत किंवा मंडळात शेकड्याने करणार असाल तर ही स्क्रिप्ट सरळ दहापट करू नका. दोन वाट्यांची उकड एकजण गरम असताना मळू शकतो, वीस वाट्यांची गार होते आणि सगळ्याच पाऱ्या फाटतात, म्हणून दोन-दोन वाट्यांचे घाणे काढायचे, आणि पहिल्या घाण्याचे मोदक शेवटच्या घाण्याची वाट बघत उघड्यावर ठेवायचे नाहीत, ते आधी वाटायला न्यायचे.

टाकायच्या आधी एक काम करा. आवाज बंद करून व्हिडिओ बघा आणि कागदावर मापं लिहा, फक्त दिसलेली. मग डोळे मिटून आवाज ऐका आणि परत मापं लिहा. मग कॅप्शनमधली तिसऱ्या ओळीत लिहा. तिन्ही ओळी सारख्या आल्या तर टाका. माझ्या या वर्षीच्या व्हिडिओत स्क्रीनवर गूळ "१ वाटी" पडला होता आणि मी बोलले होते सव्वा, दुसऱ्यांदा ऐकताना सापडलं. व्हिडिओ चतुर्थीच्या दिवशी सकाळी टाकून उपयोग नाही, तोपर्यंत सगळ्यांचं सारण कढईत असतं. चार-पाच दिवस आधी टाका म्हणजे पिठी, पानं आणायला वेळ मिळतो, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री कमेंट उघडून बसा. "पातळ झालं काय करू" हे तेव्हाच येतं, त्याला लगेच उत्तर द्या: सारण पातळ असेल तर परत मध्यम आचेवर तळ दिसेपर्यंत, उकड पातळ असेल तर मंद भाजलेली पिठी एकेक चमचा घालून मळा, गोळी दाबून बघत बघत.